साखर तेवढीच, घोट मात्र शंभर

प्रश्न: वय ३६, घरून काम करते. गोडाची मला फारशी आवडही नाही. दिवसभरात चहा-कॉफीत मिळून चार चमचे साखर, चार बिस्किटं आणि मूठभर मनुका, बस. तरी यंदाच्या तपासणीत दोन दाढा किडलेल्या निघाल्या आणि वरच्या पुढच्या दातांवर हिरड्यांलगत पांढरे डाग दिसले. नवरा रोज दुपारच्या जेवणावर वाटीभर गोड खातो, त्याचा एकही दात किडलेला नाही. माझा दिवस असा: सातला चहा-बिस्किट, साडेआठला नाश्ता, साडेनऊ ते साडेबारा टेबलावर कॉफीचा मोठा मग (तो तीन तास पुरवते), एकला जेवण, तीन ते पाच अधूनमधून मनुका, सहाला चहा-बिस्किट, साडेआठला जेवण. अकराला ब्रश करून झोपताना घसा कोरडा पडतो म्हणून खोकल्याची गोड गोळी चघळते. अ‍ॅलर्जीचं औषध वर्षभर चालू आहे. साखर पूर्ण बंद करू का? आणि दात वाचतील असं खाण्यात काही असतं का?

उत्तर: साखर पूर्ण बंद करायची गरज नाही. तो तीन तासांचा मग, दुपारभर पुरवलेल्या मनुका आणि झोपतानाची गोळी, या तीन गोष्टी बदला. चमच्यांचा हिशोब तुम्ही नेमका ठेवला आहे, पण दाताला चमचे मोजता येत नाहीत. त्याला कळतं ते एवढंच, की दिवसातला किती वेळ आपण आम्लात होतो.

हे आम्ल साखरेत नसतं, ते तोंडात तयार होतं. दातावर जिवाणूंचा एक पातळ चिकट थर कायम असतो. सकाळी उठल्यावर जीभ फिरवली की दात जरा बुळबुळीत लागतात, तो हाच. डॉक्टर त्याला प्लाक म्हणतात. साखर या थरात मुरली की त्यातले जिवाणू ती वापरतात आणि आम्ल बाहेर टाकतात. थर दाताला चिकटलेला असल्यामुळे आम्ल थेट इनॅमलवर, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण कवचावर, जमतं आणि लाळ तिथपर्यंत लगेच पोचत नाही. इनॅमल जवळजवळ सगळं खनिजाचं असतं, कॅल्शियम आणि फॉस्फेटचं. पीएच हा आम्ल मोजायचा आकडा, तो जितका खाली तितकं आम्ल जास्त. थरातला पीएच साधारण साडेपाचच्या खाली गेला की ही खनिजं विरघळून बाहेर पडू लागतात. पीएच पुन्हा वर आला की लाळेतलं कॅल्शियम-फॉस्फेट परत दातात बसतं. म्हणजे दात रोजच थोडा झिजतो आणि थोडा भरून निघतो. भरण्यापेक्षा झीज महिनोन्‌महिने जास्त होत राहिली, तर कीड लागते.

पीएच कसा उतरतो आणि कसा चढतो, हे रॉबर्ट स्टेफन या अमेरिकी संशोधकाने १९४०च्या दशकात मोजून दाखवलं. ग्लुकोजच्या पाण्याने चूळ भरल्यावर थरातला पीएच काही मिनिटांतच झपकन खाली येतो आणि वर यायला अर्धा ते एक तास घेतो. दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना ही ‘स्टेफनची रेषा’ पाठ असते. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या रेषेच्या आकारातच आहे. खाली उतरायला साखर फार लागत नाही, एक घोटही पुरतो. साखर दुप्पट केली म्हणून आम्लाचा वेळ दुप्पट होत नाही, थोडासाच वाढतो. मात्र रेषा वर येत असतानाच दुसरा घोट घेतला, तर ती तिथूनच पुन्हा खाली जाते आणि घड्याळ शून्यावर येतं.

आता तुमचा दिवस या घड्याळावर मांडू. हे आकडे ढोबळ आहेत. प्रत्येकाच्या तोंडात, किंबहुना एकाच तोंडातल्या दोन दातांवरही ही रेषा वेगळी असते. पण तुलनेसाठी एका वेळच्या चहा-बिस्किटाचे ४० मिनिटं धरू आणि पूर्ण जेवणाचे ५०. सातचा चहा म्हणजे ४० मिनिटं, साडेआठचा नाश्ता आणखी ४०. कॉफीचा शेवटचा घोट साडेबाराला, म्हणून साडेनऊपासून एकपर्यंत साडेतीन तास सलग. दर दहा-पंधरा मिनिटांनी घोट येत असेल तर मधे दाताला सावरायला फटच मिळत नाही. एकला जेवण, ५० मिनिटं. मनुका तीनपासून पाचपर्यंत, वर शेवटच्या मनुकेनंतरचा अर्धा तास, म्हणजे अडीच तास. सहाचा चहा ४०, रात्रीचं जेवण ५०. शेवटी ती गोळी, आणि झोपेत लाळ जवळपास थांबलेली असते म्हणून तिचे दीड तास धरू. बेरीज अकरा तासांच्या थोडी वर जाते.

नवऱ्याचं मांडू. त्याच्या दिवसाचा तपशील पत्रात नाही, तेव्हा चहा, नाश्ता, दुपारचं जेवण, संध्याकाळचा चहा आणि रात्रीचं जेवण एवढंच धरतो. वाटीभर गोडात तीस-चाळीस ग्रॅम साखर सहज असेल. पण ते गोड जेवणाला चिकटून येतं. जेवणाने रेषा आधीच खाली आणलेली असते, चावण्यामुळे लाळही भरपूर सुटलेली असते, आणि गोड दहा मिनिटांत संपतं. त्या जेवणाचे ५० ऐवजी ६० मिनिटं धरा. सगळे मिळून चार तासांच्या आतच राहतात.

गंमत अशी की साखरेच्या वजनातही तुम्ही त्याच्यापेक्षा फार मागे नाही. चार सपाट चमचे म्हणजे साधारण १६ ग्रॅम. बिस्किटांची आणि गोळीची मिळून आणखी दहा-बारा. मूठभर मनुका म्हणजे तीस ग्रॅम, आणि मनुकेच्या वजनात निम्म्याहून जास्त साखरच असते. ही साखर चहात ढवळावी लागत नाही, म्हणून हिशोबात धरायची राहून जाते. पण दोघांची साखर सारखी धरली तरी एकाचे दात चार तास आम्लात राहतात आणि दुसऱ्याचे अकरा.

हा फरक माणसांवर तपासूनही झाला आहे, आणि ज्या रीतीने तपासला ती लाजिरवाणी आहे. स्वीडनमध्ये लुंड इथल्या विपेहोल्म या संस्थेत १९४०च्या दशकात मतिमंद रुग्णांवर हा प्रयोग झाला. त्यांची संमती घेतलेली नव्हती, आज असं काही करता येणार नाही. काही गटांना जेवणाबरोबर पेयातून भरपूर साखर दिली गेली, त्यांच्यात कीड फारशी वाढली नाही. काहींना जेवणांच्या मधल्या वेळात चिकट टॉफी दिल्या, एका गटाला दिवसाला चोवीसपर्यंत. त्यांचे दात झपाट्याने किडले, आणि टॉफी थांबवल्यावर नव्या किडीचा वेग उतरला. निष्कर्ष १९५४ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘मधल्या वेळी गोड खाऊ नका’ हा दंतवैद्यांचा घोषा मुख्यतः तिथून आला.

याचा अर्थ प्रमाण बिनमहत्त्वाचं, असा मात्र काढू नका. एक तर जो वरचेवर खातो तो बहुधा एकूणही जास्तच खातो, त्यामुळे या दोन गोष्टी पूर्ण सुट्या करता येत नाहीत. दुसरं, जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये वरून घातलेल्या साखरेची मर्यादा एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांखाली ठेवली आहे आणि जमल्यास ५ टक्क्यांखाली. दोन हजार कॅलरी खाणाऱ्यासाठी ते अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होतात. मध आणि फळांचा रस त्यात मोजतात, अख्खं फळ नाही. नवऱ्याच्या वाटीचा प्रश्न तिथे येतोच, फक्त तो दातांपेक्षा वजनाचा आणि रक्तातल्या साखरेचा आहे. शिवाय त्याचे दात आज चांगले आहेत यात लाळ, दातांवरच्या खाचा किती खोल आहेत आणि तो कोणती पेस्ट वापरतो याचाही वाटा असू शकतो. वय वाढून हिरड्या मागे सरल्या की दातांची मुळं उघडी पडतात. मुळाचा पृष्ठभाग इनॅमलपेक्षा मऊ असतो आणि पीएच सहाच्या वर असतानाच विरघळू लागतो. आज जे पचतं ते तेव्हा पचेलच असं नाही.

आता मनुका आणि बिस्किटं. चिकट म्हटलं की टॉफी डोळ्यांसमोर येते, पण टॉफी निदान विरघळून जाते. बिस्किटाचा आणि वेफर्सचा लगदा दाढेच्या खाचांत घट्ट बसतो आणि त्यातला स्टार्च लाळेतलं विकर हळूहळू साखरेत फोडत राहतं. गोड नसलेलं बिस्किटही त्यामुळे निर्दोष ठरत नाही. बिस्किट खाल्ल्यावर वीस मिनिटांनी आरशासमोर तोंड उघडून खालच्या शेवटच्या दाढेकडे पाहा. चावण्याच्या बाजूला जी खोलगट रेघ असते, त्यात पिवळसर पेस्ट अजून बसलेली दिसेल. मग मागच्या दोन दाढांमध्ये फ्लॉस घालून बाहेर काढा आणि त्यावर काय आलं ते पाहा. तुमच्या किडलेल्या दाढा अशाच जागी असण्याची शक्यता बरीच आहे. मनुकांचंही तेच. त्या तुम्ही एकदम मूठभर खाल्ल्या असत्या तर दाताला अर्ध्या-पाऊण तासाचा एकच फटका बसला असता. एकेक करून खाल्ल्या, म्हणून दुपार गेली.

सगळ्यांत महाग मात्र ती रात्रीची गोळी पडते, वजनाने तीनच ग्रॅम असली तरी. लाळ तीन कामं करते. ती साखर धुऊन गिळायला लावते, तिच्यातलं बायकार्बोनेट आम्ल मारतं, आणि विरघळलेली खनिजं ती परत पुरवते. झोपेत हे सगळं जवळजवळ बंद असतं. ब्रश करून दात स्वच्छ केले आणि लगेच गालात साखरेची गोळी ठेवली, तर पेस्टमधल्या फ्लोराइडला ज्या शांत वेळेत काम करायचं होतं ती वेळ तुम्ही आम्लाला देऊन टाकली. ब्रशनेही सगळा थर निघत नाही, दोन दातांच्या फटीत तो राहतोच, आणि तिथले जिवाणू गोळीची साखर घेतात.

घसा कोरडा पडण्याचं कारणही बहुधा तुमच्या पत्रातच आहे. अ‍ॅलर्जीच्या अनेक गोळ्यांनी लाळ कमी होते, जुन्या प्रकारच्या, झोप आणणाऱ्या गोळ्यांनी जास्तच. म्हणजे औषधाने तोंड कोरडं होतं, कोरडेपणासाठी तुम्ही गोड गोळी चघळता आणि ती विझवायला लाळ नसते. औषध स्वतःहून बंद करू नका. ज्यांनी लिहून दिलं त्यांना ‘तोंड कोरडं पडतं आणि दात किडताहेत’ हे दोन्ही एका वाक्यात सांगा आणि तोंड कमी कोरडं करणारा पर्याय आहे का किंवा वेळ बदलता येईल का, ते विचारा. तोवर उशाशी साधं पाणी ठेवा. गोळी हवीच असेल तर बिनसाखरेची घ्या, पण वेष्टनावर घटक वाचा. ‘हर्बल’ किंवा ‘मधयुक्त’ लिहिलेल्या गोळीत बहुधा साखरच असते. बिनसाखरेच्या काही फळांच्या चवीच्या गोळ्या आंबट असतात, त्याही रात्री नकोत.

आता दिवस फिरवू. सकाळचा चहा-बिस्किट आणि नाश्ता एकत्र करा, समजा आठला. रेषेच्या दोन उतारांचा एक होईल. कॉफी सोडू नका, पण ती साडेदहाला पंधरा मिनिटांत पिऊन संपवा. मोठा मग तासन्‌तास पुरवला जातो, तेव्हा कॉफी लहान कपात ओता. त्यानंतर टेबलावर फक्त पाणी. तरीही हाताला मग हवाच असेल, तर त्यातली कॉफी बिनसाखरेची असू द्या. दूध घातलेलं चालेल, दुधातल्या साखरेने आम्ल तुलनेने फार कमी बनतं. अर्धा चमचा साखर घालून दिवसभर पिणं हा मात्र सर्वांत वाईट सौदा आहे, त्यात गोडीची मजाही नाही आणि दातही जातात. मनुका दुपारच्या जेवणाला जोडा, ताटावरून उठायच्या आधी. सहाचा चहा-बिस्किट आहे तसाच राहू द्या. गोळी गेली. आता बेरीज करा: नाश्ता ५०, कॉफी ४५, जेवण ६०, चहा ४०, रात्रीचं जेवण ५०. चार तासांच्या किंचित वर. अकराचे चार झाले, आणि चार चमचे, चार बिस्किटं, मूठभर मनुका, सगळं जिथल्या तिथे आहे. वगळली ती एक गोळी.

ज्या जागी हे फसतं ती आधीच सांगून ठेवतो. पहिले चार-पाच दिवस हात मगाकडे जाईल. बहुतेक जण तेव्हा साखरेऐवजी ‘आरोग्यदायी’ काहीतरी शोधतात: मधपाणी, खजूर, ताज्या फळांचा रस, लिंबूपाणी. मध आणि खजूर थरातल्या जिवाणूंना साखरेइतकेच पसंत आहेत. रसात फळातली साखर सुटी झालेली असते आणि वर त्याचं स्वतःचं आम्ल असतं. बिनसाखरेचं लिंबूपाणी किंवा डाएट कोला दिवसभर प्यायलं तर कीड नाही लागणार, पण इनॅमल थेट आम्लाने झिजेल. तो वेगळा आजार आहे. त्यात खड्डा न पडता दात पातळ, गुळगुळीत, पिवळट दिसू लागतात आणि थंड लागलं की झिणझिण्या येतात. म्हणून मधल्या वेळेचं पेय पाणी, नाहीतर बिनसाखरेचा चहा-कॉफी. तिसरं काही शोधू नका.

खाण्यातून दाताला मदत होते का? होते, आणि त्यात पहिलं नाव चीजचं. गोड किंवा जेवण संपल्यावर अंगठ्याच्या पेराएवढा टणक चीजचा तुकडा सावकाश चावून खाल्ला, तर थरातला पीएच लवकर वर येतो. चावल्याने लाळ सुटते, चीजमधलं कॅल्शियम आणि फॉस्फेट थरात मिसळतं, आणि दुधातलं केसीन हे प्रथिन ती खनिजं दाताजवळ धरून ठेवायला मदत करतं. त्यासाठी क्रम महत्त्वाचा. चीज शेवटी खायचं, आधी नाही. वरून पुन्हा बिस्किट खाल्लं तर उपयोग गेला. मीठ-चरबीचा हिशोब असलेल्यांनी एवढाच तुकडा पुरे समजावा.

मधल्या वेळेला भूक लागलीच तर शेंगदाणे किंवा बदाम घ्या, बिनसाखरेचे आणि बिनपाकाचे. त्यांत जिवाणूंना खाण्यासारखं फार थोडं असतं, चावावं लागतं आणि पोटही भरतं. उकडलेलं अंडं, साधं दही, काकडी, गाजर हेही चालतं. तुमच्या दुपारच्या मनुकांची जागा शेंगदाण्यांनी घेतली, तर तीन ते पाचमध्ये अधूनमधून खायची सवय मोडायचीही गरज नाही. फक्त दोन्ही एकत्र करू नका. दाणे-मनुका मिसळलेल्या पाकिटात शेवटी मनुकाच जिंकतात.

सफरचंद आणि गाजर दात घासून देतात, ही समजूत फार जुनी आहे. ती खरी नाही. सफरचंदाचा तंतू दातांच्या फटीत आणि हिरड्यांलगत पोचत नाही, आणि थर नेमका तिथेच असतो. अख्खं फळ जेवणाबरोबर खुशाल खा, पण ब्रशच्या खात्यात ते लिहू नका.

बिनसाखरेचं च्युइंगगम तुमच्यासारख्या कोरड्या तोंडाला बरं पडेल. खाण्यानंतर लगेच, वीस मिनिटं. पहिल्या काही मिनिटांत लाळ कितीतरी पटींनी वाढते, आणि चघळून सुटलेल्या लाळेत बायकार्बोनेटही जास्त असतं. झायलिटॉल या साखरेऐवजी वापरल्या जाणाऱ्या गोड पदार्थाचं मिळालं तर जिवाणूंना त्यातून आम्ल बनवता येत नाही, एवढा त्याचा सरळ फायदा आहे. त्याबद्दलचे याहून मोठे दावे फार मनावर घेऊ नका. जास्त खाल्लं तर पोट बिघडतं. घरात कुत्रा असेल तर पाकीट उंच ठेवा, झायलिटॉल कुत्र्यांना विषारी असतं. जबड्याचा सांधा दुखत असेल तर गमच्या वाटेला जाऊ नका.

हे सगळं खाल्लं तरी फ्लोराइडची जागा कोणताही पदार्थ घेऊ शकत नाही. फ्लोराइड हजर असताना परत बसणारं खनिज जास्त पक्कं बसतं आणि पुढच्या वेळी पीएच आणखी खाली गेल्याशिवाय विरघळत नाही. म्हणजे तेच चार तास दाताला कमी झोंबतात. ट्यूबच्या मागे फ्लोराइडचा आकडा शोधा. मोठ्यांसाठी १००० ते १५०० पीपीएम हवा. आकडाच सापडला नाही तर पेस्ट बदला. रात्री दोन मिनिटं घासायचं, फेस थुंकायचा आणि चूळ भरायची नाही. इथे बहुतेक जण चुकतात. भांडंभर पाण्याने खळखळून तोंड धुतलं की फ्लोराइडही बेसिनमध्ये जातं. पहिले काही दिवस चव नकोशी वाटते, मग सवय होते. दोन दातांच्या फटींसाठी दिवसातून एकदा फ्लॉस किंवा फटींचा छोटा ब्रश, तोही घासण्याआधी. घासून झाल्यावर पाण्याखेरीज काही नाही.

राहिले दात. ज्या दाढांना खड्डा पडला आहे त्या भरून घ्याव्या लागतील. खड्ड्यात ब्रश पोचत नाही, त्यामुळे खाणं कितीही सुधारलं तरी आतला थर तिथेच बसून राहतो. डॉक्टरांना मात्र एक विचारा: खरोखर खड्डा आहे, की फक्त एक्स-रेमध्ये सावली आहे? वरचा पृष्ठभाग फुटलेला नसेल तर काही वेळा फ्लोराइड वार्निश लावून थांबता येतं आणि पुढच्या एक्स-रेशी ताडून पाहता येतं.

पुढच्या दातांवरचे पांढरे डाग ही किडीची पहिली पायरी आहे, आणि तिथून मागे फिरता येतं. डाग कोणत्या अवस्थेत आहे हे घरीही बरंचसं कळतं. चांगल्या उजेडात आरशासमोर ओठ वर करा, दात टिश्यूने टिपून अर्धा मिनिट कोरडा ठेवा आणि पाहा. खडूसारखा, निस्तेज, हिरडीच्या कडेला समांतर पट्टा असेल तर झीज चालू आहे. ओल्या दातावर तो दिसत नाही आणि कोरड्यावरच दिसतो, तर अजून वरवरचा आहे. ओल्यावरही दिसतो, तर जास्त खोल गेला आहे. टोकदार काही लावून तो खरवडू नका. वरचा पातळ पापुद्रा शाबूत आहे तोवरच दुरुस्ती होते, तो फुटला की खड्डा झाला.

आजच त्याच उजेडात, तसाच कोरडा करून एक फोटो काढून ठेवा आणि तीन महिन्यांनी तिथेच पुन्हा काढा. खडूसारखा पट्टा चकचकीत झाला असेल तर झीज थांबली. पांढरा रंग पूर्ण जाईलच असं नाही, पुष्कळदा खूण राहते, पण चमकणारी खूण निरुपद्रवी असते. पट्टा निस्तेजच राहिला किंवा तपकिरी होऊन खरखरीत लागू लागला, तर सहा महिन्यांच्या तपासणीची वाट न पाहता दाखवा. आणि जाताना आठवडाभर काय खाल्लं याची नाही, तर किती वाजता खाल्लं याची चिठ्ठी बरोबर न्या.